चुना नाही, तरी माचू पिक्चू खचलं कसं नाही?

> एवढ्या पावसात, कड्यावर, चुन्याशिवाय भिंती टिकल्या कशा?

पेरूमधलं माचू पिक्चू हे इंकांचं डोंगरावरचं जुनं शहर टिकलं याचं श्रेय सगळे दगडांच्या घट्ट सांध्यांना देतात, पण माझ्या मते खरी करामत जमिनीखाली आहे. तिथे वर्षाला साधारण 1900 मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगरउतारावर पाणी मुरून साचलं की मातीचं वजन वाढतं आणि भिंत पुढे ढकलली जाते. म्हणून इंका गवंड्यांनी पायऱ्यापायऱ्यांच्या बांधांमागे तळाशी मोठे दगड, त्यावर खडी-वाळू आणि सगळ्यात वर सुपीक माती भरली. पाणी झिरपून खाली निघून जातं. मधल्या चौकाखालीही दगड घडवताना उडालेल्या कपच्यांचा जाड थर आहे (कचऱ्याचा याहून चांगला उपयोग काय!). शिवाय भिंतींमधून पाणी बाहेर काढणारी सुमारे 130 तोंडं मोजली गेली आहेत.

आणि हो, सगळं बांधकाम कोरडं, म्हणजे गाऱ्याशिवायचं, नाही. एकमेकांत घट्ट बसवलेले ग्रॅनाइटचे दगड मुख्यतः मंदिरं आणि मानाच्या इमारतींत दिसतात. साध्या घरांच्या भिंतींत मातीचा गारा आहे. मुख्य मंदिराचा एक कोपरा मात्र खचलाय. तिथे दगड सुटे होऊन फटी पडल्या आहेत, कारण खालची जमीनच बसली. सांधे कितीही नेमके असले तरी पायाची उणीव ते भरून काढत नाहीत.