वाचनसवयींची पाहणी : छापील की मोबाईल? (सोलापूर) – अनुभव लिहा

आठवी ते अकरावीच्या मुलांची वाचनपाहणी सोलापुरात घ्यायची आहे. भर मराठी पुस्तकांवर. कच्च्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न आहे : ‘तुला छापील पुस्तक वाचायला आवडतं की मोबाईलवर?’ ज्यांनी शाळांत, वाचनालयांत किंवा वर्गात अशी कामं केली आहेत त्यांनी लिहावं. काय विचारावं, कसं विचारावं आणि कुठे फसतं?

नोंदवही
तो पहिला प्रश्न काढून टाका. वर्गात बाई उभ्या असताना ‘आवडतं का’ विचारलं की बहुतेक हात छापील पुस्तकाकडे जातात, कारण ते शहाण्या मुलाचं उत्तर आहे. आवड विचारू नका, काल काय घडलं ते विचारा : ‘काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय वाचलंस?’ खाली पाच ओळींचा तक्ता द्या. केव्हा, काय, कोणत्या भाषेत, कशावर, अंदाजे किती वेळ. नाव आठवत नसेल तर ‘कशाबद्दल होतं’ एवढं लिहिलं तरी चालेल. ‘काही वाचलं नाही’ ही चौकट तक्त्याच्या वर ठेवा, खाली नको. ती खाली असली की मुलं आधी ओळी भरून काढतात.

यातही एक फट आहे. सोमवारी पाहणी घेतली तर ‘काल’ म्हणजे रविवार. म्हणून प्रत्येक शाळेत निम्म्या तुकड्या सोमवारी आणि निम्म्या मधल्या वारी घ्या. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचा आठवडा टाळा, कारण त्या दिवसांत शाळा स्वतःच पुस्तकं हातात देतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हाही नको. संध्याकाळी मुलं घरात सापडत नाहीत, मग वाचन कुठलं?

चष्मेवाली आई
माझा मुलगा नववीत आहे, मोबाईलवर वाचून डोकं दुखतं म्हणतो. नंबर तपासला, ठीक आहे. त्याला मोबाईलवर वाचू द्यावं की बंदच करावं?

अक्षरजुळणी
ताई, हा धाग्याचा प्रश्न नाही, पण तुमच्या मुलाचं उत्तर पाहणीच्या कामाचं आहे. तो कोणती फाईल वाचतो ते आधी बघा. मराठी पुस्तक मोबाईलवर म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा टेलिग्रामवरून आलेली स्कॅन केलेली पीडीएफ. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद, म्हणजे 14 सेंटिमीटर. मोबाईलचा पडदा साधारण 7 सेंटिमीटर. पान अख्खं बसवलं की अक्षर बरोबर निम्मं होतं. छापताना 13 पॉइंट असलेला मजकूर साडेसहा पॉइंटचा दिसतो. समास कापून ओळ पडद्याला भिडवली तरी साडेआठ-नऊच्या वर जात नाही.

इंग्रजीत हे कसंबसं निभतं. मराठीत वरचा अनुस्वार, रफार आणि खालचा उकार स्कॅनमध्ये भरून जातात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखे दिसायला लागतात. मग मूल बोटांनी पान मोठं करतं, ओळ पडद्याबाहेर जाते, प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवावं लागतं. दहा मिनिटांत पुस्तक बंद. पाहणीत याची नोंद होते ‘मोबाईलवर वाचायला आवडत नाही’ अशी. खरं उत्तर आहे ‘पीडीएफ वाचायला आवडत नाही’.

म्हणून ‘मोबाईल’ हा एकच पर्याय ठेवू नका. मुलाला ईपब वगैरे शब्द माहीत नसतात. साधं विचारा : ‘अक्षर मोठं केल्यावर ओळी पडद्यात आपोआप बसतात, की पान सरकवावं लागतं?’ या एका प्रश्नाने ईपबवाले आणि पीडीएफवाले वेगळे होतात.

ग्रंथमित्र_७७
एवढा घोळ कशाला? कागदावर वाचलेलं जास्त समजतं हे संशोधनाने सिद्ध झालेलं आहे. पाहणीतही तेच येणार.

नोंदवही
अर्धं बरोबर आहे. 2018 साली 54 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात कागदाचं पारडं जड निघालं. पण ते माहितीपर मजकुरात, आणि वेळेचं बंधन असताना जास्त. नुसत्या कथात्मक मजकुरात फरक दिसला नाही. आणि तो प्रश्न आकलनाचा आहे, सवयीचा नाही. मुलगी रहस्यकथा मोबाईलवर वाचते आणि इतिहासाचा धडा पुस्तकातून, तर तिला कोणत्या खान्यात घालणार? म्हणून तक्त्यात ‘काय वाचलं’ हा रकाना लागतो.

पूर्वभाग
भाषेचा रकाना सोलापुरात वरवर भरून चालणार नाही. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या घरांत कन्नड, शिवाय उर्दू माध्यमाच्या शाळा. ‘मातृभाषा’ विचारलं की बरीच मुलं शाळेच्या फॉर्मवर असतं तेच लिहितात. ‘आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?’ असं विचारा. शाळेचं माध्यम वेगळं विचारा. नाहीतर इंग्रजी माध्यमातला, घरी तेलुगू बोलणारा मुलगा मराठी पुस्तक वाचत नाही याचा दोष मोबाईलवर येतो. त्याचं मराठी वाचन पाठ्यपुस्तकाशी सुरू होऊन तिथेच थांबत असेल, तर कागद आणि पडदा हा त्याच्यापुढचा प्रश्नच नाही.

दुसरं, पाहणी गूगल फॉर्मवर घेऊ नका. ज्याच्या हातात फोन नाही तो आधीच गळतो आणि मग ‘सगळी मुलं मोबाईलवर वाचतात’ असा निष्कर्ष निघतो. कागदच वाटा. फोन स्वतःचा, घरातला सामाईक की नाहीच, हे विचारा. घरातला फोन रात्री आईवडील आल्यावर मिळत असेल तर त्यावर पुस्तक वाचणं कठीणच, विशेषतः मुलींना.

देवघेव
माझी भर एवढीच : ‘शेवटचं मराठी पुस्तक कुठून मिळालं?’ हे जरूर विचारा. शाळेचं ग्रंथालय, सार्वजनिक वाचनालय, विकत, मैत्रिणीकडून, फोनवर कुणी पाठवलं. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था शहरात असूनही तेरा-चौदाची मुलं मधेच अडकतात. बालविभागातली पुस्तकं लहान वाटतात, आणि मोठ्यांच्या कपाटातलं काय घ्यावं ते सांगणारं कुणी नसतं. मुलांनी ‘शाळेचं ग्रंथालय’ लिहिलं तर शाळेची देवघेव नोंदवही मागून ताडून बघा. महिनाभरात तुकडीच्या नावावर पुस्तकं गेलीच नसतील, तर उत्तरपत्रिकांतला तो पर्याय जपून वापरा. कपाटाला कुलूप असणं आणि मुलांना आवड नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चष्मेवाली आई
बघितलं. स्कॅनच आहे, आणि पान आडवं करून वाचतो. ‘किशोर’चे जुने अंक आहेत, ते नेटवर फुकट मिळतात म्हणे.

अक्षरजुळणी
हो, बालभारतीने 1971 पासूनचे अंक उपलब्ध केले आहेत, पण तीही पानांची चित्रंच. आडवं धरलं की अक्षर जवळपास दुप्पट होतं, तेवढं ठीक. मात्र एक पान तीन-चार वेळा खाली सरकवावं लागतं. तक्त्यात ‘फोन उभा की आडवा’ हेही टाकावं असं आता वाटतंय.

ग्रंथमित्र_७७
मग प्रतिलिपी ॲपवरच्या मालिका, इन्स्टावरच्या चारोळ्या, ऐकायची पुस्तकं, यांना वाचन म्हणणार का? मी तरी नाही म्हणणार.

नोंदवही
मालिका मोजा. भाग लहान असले तरी मजकूर सलग असतो, आणि मूल दुसऱ्या दिवशी पुढच्या भागाला परत येतं. चारोळ्यांबद्दल माझं मत पक्कं नाही. ऐकणं वेगळ्या ओळीत लिहून घ्या, बेरजेत धरू नका.

पूर्वभाग
चारोळ्या मोजायला हव्यात. आमच्या भागातल्या काही मुलांचं पाठ्यपुस्तकाबाहेरचं मराठी वाचन तेवढंच असतं.

धागाकर्ता
पहिला प्रश्न काढला. तक्ता, आजीची भाषा, फोन कुणाचा, ओळी बसतात की सरकवाव्या लागतात आणि पुस्तक कुठून, एवढं घेतलं. चारोळ्यांसाठी सध्या वेगळी ओळ ठेवतो. कागदावर मुलाचं नाव नसेल आणि पालकांची लेखी संमती आधी घेऊ. ‘फोन उभा की आडवा’ ठेवायचं की नाही ते आधी एका तुकडीवर करून बघतो. पाच ओळींचा तक्ता आठवीच्या मुलांना किती वेळात जमतो, कुणाला अंदाज आहे का?