बाबी उठाव आणि बहाई: एकाच झाडाची फांदी, की वेगळं झाड?

कोरडा_डोह: बहाई म्हणजे १८५२ मध्ये इराणच्या शहावर गोळ्या झाडणाऱ्या बाबींचंच नवं, सभ्य नाव. पुढारी मारला गेला, सरकारने ठेचलं, मग शांतीचा जप सुरू झाला. यात वेगळा धर्म कुठून आला?

जुनीपानं: हे वाचून गप्प बसवेना. साल बरोबर आहे, पण त्या सालाभोवतीची माणसं एकाच पोत्यात भरली आहेत.

१५ ऑगस्ट १८५२ ला नासिरुद्दीन शहावर हल्ला करणारे मूठभर तरुण बाबी होते. बाबींच्या पंथाचा संस्थापक बाब याला दोन वर्षांपूर्वी तब्रीजच्या चौकात गोळ्या घातल्या होत्या, त्याचा हा सूड. पिस्तुलात छर्रे होते, शहाला किरकोळ जखमा झाल्या. पण बदला सगळ्या पंथावर घेतला गेला. पकडलेले बाबी दरबारातल्या आणि शहरातल्या वेगवेगळ्या गटांना वाटून दिले आणि त्यांच्याकडूनच मारवले, म्हणजे त्या रक्तात सगळ्यांचे हात बुडावेत. बाबींच्या पुढाऱ्यांतली ताहिरा त्याच वर्षी मारली गेली. पुढे बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला म्हणून ओळखले गेलेले मिर्झा हुसेन अली कटात नव्हते. ते स्वतःहून शाही छावणीकडे गेले, तिथे पकडले गेले आणि चार महिने तेहरानच्या सियाह चाल या अंधारकोठडीत साखळदंडात होते. रशियन वकिलाने रदबदली केली, तेव्हा १८५३ मध्ये त्यांची बगदादला हद्दपारी झाली.

आता मला सांगा, ठेचले गेलेले लोक नुसतं नाव बदलून जगतात का? बाबने पुढे येणार म्हणून सांगितलेला, 'ज्याला ईश्वर प्रकट करील' तो मीच, असा दावा करणारे बरेच निघाले. दय्यान नावाचा एक दावेदार तर बगदादमध्ये बाबींच्याच हातून मारला गेला. एवढ्या फाटाफुटीतून एकच माणूस का उभा राहिला, हा खरा प्रश्न आहे.

रानवारा: दोघेही उगाच वाढवताय. शिया ज्याला परत येणारा महदी मानतात तो बारावा इमाम हिजरी २६० ला गुप्त झाला, बाबने दावा केला १२६० ला, म्हणजे १८४४. हजार वर्षं मोजून कोणीतरी येणारच होतं. शियांमधल्या शेखी पंथाच्या अहसाई आणि रश्ती या आचार्यांनी रान तयार केलं होतं. म्हणजे हे शियांमधलंच एक वळण. वेगळा धर्म वगैरे नंतरचा प्रचार.

जुनीपानं: रानवारा, सुरुवात तुम्ही बरोबर सांगितलीत, शेवट नाही. शियांमधलं वळण असतं तर १८४८ ला बदश्तच्या बाबी मेळ्यात ताहिरा पुरुषांसमोर चेहरा उघडा ठेवून उभी राहिली नसती. शरियत आता संपली, असं तिथे जाहीर झालं. कित्येक बाबी ते ऐकून सोडून गेले. इस्लामपासून फारकत तिथेच झाली, बहाउल्लांचा स्वतंत्र दावा यायच्या कितीतरी आधी.

कोरडा_डोह: बदश्तचं कौतुक पुरे. त्याच वर्षी बाबचा पहिला शिष्य मुल्ला हुसेन खुरासानातून काळे झेंडे घेऊन का निघाला? महदी येतो तेव्हा असे झेंडे निघतात, हे प्रत्येक शिया पोराला माहीत होतं. शेख तबरसीच्या दर्ग्याला तटबंदी बांधली, सात महिने सरकारी फौजेशी लढले. झंजान, नैरीझचे उठाव वेगळेच. आणि तुम्ही हे निरागस लोक म्हणून विकताय.

जुनीपानं: निरागस हा शब्द माझा नाही. झेंडे मुद्दाम होते, हे मान्य. बाबच्या सुरुवातीच्या लिखाणात जिहादचे आदेश आहेत, हेही मान्य. पण बारफुरूश गावात जमाव अंगावर आल्यावर ते लोक त्या दर्ग्यात शिरले. जेमतेम काही शे माणसं, त्यांत मुल्ला आणि कारागीर. शेवटी घोड्यांचं मांस आणि चामडं खायची वेळ आली. मुल्ला हुसेन फेब्रुवारी १८४९ ला पडला. मे महिन्यात शाहजादा महदी कुली मिर्झाने कुराणावर शपथ घेऊन अभय दिलं, बाहेर आल्यावर बहुतेकांना कापून काढलं. बाबचा शिष्य कुद्दूस याला बारफुरूशच्या चौकात मारलं. दरबाराने हा विश्वासघात केला, तोही तुमच्या हिशेबात धरा.

मेहेर_पुणे: माझ्या सासरचं घराणं यझ्दहून पुण्यात आलं. आधी जरथुष्ट्री, आजोबा बहाई झाले, आणि दोन भावांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात आजही बहाई म्हणजे कोण, या प्रश्नावर जेवण थांबतं. त्यामुळे 'नाव बदललं' असं कोणी म्हणालं की मला राग येतो. नाव बदलायला कोणी भाऊ गमावत नाही.

आणि माणेकजी लिमजी हटारियांचं नाव इथे कोणीच का घेत नाही? मुंबईच्या पारशांनी १८५४ ला इराणला पाठवलेला माणूस. वाटेत बगदादला बहाउल्लांना भेटला, पुढे पत्रव्यवहार ठेवला, आणि बाबींचा इतिहास लिहून घेतला. जरथुष्ट्रींवरचा जिझिया कर १८८२ ला उठला तो त्यांच्या खटपटीने. पारशी लोकसुद्धा त्यांना विसरले.

कोरडा_डोह: माणेकजींनी लिहवून घेतलेला 'तारीख-ए-जदीद' बहाई बाजूने झुकलेला आहे. इंग्रज अभ्यासक ब्राऊनने १९१० ला छापलेला 'नुक्तत-उल-काफ' वाचा. लेखक हाजी मिर्झा जानी १८५२ लाच मारला गेला, म्हणजे सर्वात जुना साक्षीदार. त्यात वारस कोण? सुब्ह-ए-अझल, बहाउल्लांचा सावत्र भाऊ. बाबने त्याला पत्र लिहून नेमलं होतं. मग खरे बाबी म्हणजे अझलचे अनुयायी, अझली, आणि बहाई बंडखोर.

जुनीपानं: नेमणुकीचं पत्र कोण नाकारतंय? बहाईंचं म्हणणं एवढंच की अझल नावापुरता पुढे होता, म्हणजे खऱ्या पुढाऱ्यावर सरकारची नजर जाणार नाही. हे मला पुरेसं पटत नाही, एवढं तुमच्या पदरात टाकतो. पण 'नुक्तत-उल-काफ'मध्ये मिर्झा जानीच्या मृत्यूनंतरचा मजकूर मिसळलेला दिसतो, आणि किती मिसळला यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

कोरडा_डोह: पुस्तक सोडा, बाबचाच धर्मग्रंथ 'बयान' घ्या. येणाऱ्याच्या संदर्भात त्यात १५११ आणि २००१ असे वर्षांचे आकडे निघतात. बहाउल्ला वीस वर्षांच्या आत आले. एवढी घाई?

जुनीपानं: तोच बाब म्हणतो की वेळ ईश्वरालाच ठाऊक, आणि तो उद्या आला तरी पुरावा न मागता स्वीकारा. आपल्या दाव्यानंतरच्या 'नवव्या वर्षा'चे उल्लेख त्याचेच, आणि बहाई ते सियाह चालच्या महिन्यांशी जोडतात. दोन्ही वचनं त्याचीच, प्रत्येक जण आपल्या सोयीचं धरतो.

माझ्या मते वेगळेपणाची तारीख एकच नाही. एप्रिल १८६३ ला बगदादजवळच्या बागेत दावा झाला, पण मोजक्या सोबत्यांपुढे. उघड फूट १८६६-६७ ला उस्मानी साम्राज्यातल्या एदिर्नेत पडली, तेव्हा प्रत्येक बाबीला बाजू घ्यावी लागली आणि बहुतेक बहाउल्लांकडे गेले. १८७३ च्या सुमाराला बहाउल्लांचा ग्रंथ 'किताब-ए-अकदस' आला, स्वतःचा कायदा घेऊन. धर्मासाठी तलवार त्याआधीच निषिद्ध झाली होती.

मेहेर_पुणे: शांतीचा मुद्दा बहाउल्लांच्या बायकामुलांनी पॅलेस्टाइनमधल्या अक्का शहरात भोगलेल्या कैदेवरून समजून घ्या. तिथे त्यांचा एक मुलगा छपराच्या झरोक्यातून पडून गेला.

कोरडा_डोह: त्याच अक्कात १८७२ ला तीन अझली बहाईंनी मारले. ते सांगा ना.

जुनीपानं: सांगतो. १८६८ ला उस्मानी सरकारने मुद्दाम काही अझली बहाउल्लांबरोबर अक्काला आणि चार बहाई अझलबरोबर सायप्रसमधल्या फामागुस्ताला पाठवले, एकमेकांवर पहारा ठेवायला. त्या अझलींच्या चहाड्यांना चिडलेल्या अनुयायांनी खून केले. बहाउल्लांची चौकशी झाली, त्यांनी या कृत्याचा निषेध केला. डाग आहेच, पण तो कुठल्या विचारातून आला आणि कुणी नाकारला, हेही लिहा.

रानवारा: म्हणजे शेवटी दोन भावांचं भांडण.

मेहेर_पुणे: माझ्या सासऱ्यांसमोर हे म्हणून दाखवा.

कोरडा_डोह: बरं, 'नवं नाव' मागे घेतो, कायदा वेगळा आहे. पण अझलींना बंडखोर ठरवणं पटत नाही. इराणच्या घटनात्मक चळवळीत जी अझली घराण्यातली माणसं दिसतात, ती याच बाबी रागातून आली. त्यांचा इतिहास जिंकलेल्यांनी लिहिला.

जुनीपानं: अझलींना बंडखोर मी कुठे म्हटलं? तो शब्द तुम्ही बहाईंना लावलात. आगाखान किर्मानी आणि शेख अहमद रूही, दोघेही अझलचे जावई, १८९६ ला तब्रीजला मारले गेले. त्यांचं लिखाण बाबी होतं की नुसतं राजाविरोधी, यावर बोला. मी तयार आहे.