बायोप्सीनंतर ताप: सोमवारपर्यंत थांबायचं का?

निखिल, टोरांटो (शुक्रवार दुपार)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा दोघंच वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या घरी आहेत. बाबांचं वय ७१, डायबेटिस आणि बीपी दोन्ही आहे. रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराची सूचना देणारा आकडा, वाढलं म्हणून मंगळवारी सकाळी प्रोस्टेटची बायोप्सी झाली. शौचाच्या जागेतून सोनोग्राफीचा प्रोब घालून बारा तुकडे काढले आणि संध्याकाळी घरी सोडलं. सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० दिवसातून दोनदा, तीन दिवस घ्यायला दिली होती. लघवी लाल होईल हे आधीच सांगितलं होतं, तशी ती झाली आणि काल साफही झाली.

आज संध्याकाळी मात्र त्यांना अशी हुडहुडी भरली की दोन रजयांतही दात वाजत होते. ताप १०१.८. लघवीला आग होते, अर्ध्या अर्ध्या तासाने जातात आणि थोडीशीच होते. आईने पॅरासिटामॉल ६५० दिली, आता ९९ वर आलाय. बाबा म्हणतात, उतरला ना ताप, सोमवारी रिपोर्टला जायचंच आहे, तेव्हा सांगू. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेत. ज्या हॉस्पिटलमध्ये बायोप्सी झाली तिथला नंबर आई केव्हाची लावतेय, कोणी उचलत नाही. थांबावं का?

विश्वास, न्यू जर्सी

निखिल, मलाही बायोप्सीच्या दुसऱ्या दिवशी अंग गरम वाटलं होतं, साधारण १००. गोळी घेऊन झोपलो, सकाळी काही नव्हतं. लघवीची जळजळही दोन दिवसांत गेली. बाबांना भरपूर पाणी पाजा, नारळपाणी द्या. उगाच रात्री धावपळ नको, त्या वयात त्याचाही त्रास होतो.

मकरंद, मेलबर्न

मी औषधांच्या धंद्यात होतो म्हणून लिहितो. लघवीचं कल्चर केल्याशिवाय अँटिबायोटिक बदलू नये. सकाळी लॅबमध्ये नमुना द्या, दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येईल, मग नेमकं औषध सुरू करता येईल. तोपर्यंत सिप्रो आणखी दोन दिवस वाढवा आणि जळजळीसाठी अल्कली सिरप. फारच आग होत असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन, लघवीच्या इन्फेक्शनला उत्तम चालतं.

डॉ. माधवी, लेस्टर

निखिल, आधी आईला फोन लाव, बाकीचं नंतर वाच.

आत्ता, आज रात्रीच बाबांना इमर्जन्सीत न्यायचं आहे. बायोप्सी झाली तिथला फोन लागत नसेल तर त्याची वाट पाहू नका. रात्री डॉक्टर आणि आयसीयू असलेल्या जवळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. रिक्षात बसवत नसेल तर १०८ बोलवा. घरात बीपीचं मशीन असेल तर जाण्याआधी एकदा मोजा, पण त्यासाठी खोळंबू नका. बीपीची पुढची गोळी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय देऊ नका.

दारात पोहोचल्यावर आईने "ताप आहे" एवढंच म्हणू नये. असं सांगावं: "मंगळवारी शौचाच्या मार्गाने प्रोस्टेटची बायोप्सी झाली, सिप्रो घेतली तरी हुडहुडी भरून ताप आलाय, लघवी अडकतेय, डायबेटिस आहे." बायोप्सीचं नाव काढलं नाही तर रात्रीच्या गर्दीत व्हायरल ताप म्हणून बाकावर बसवून ठेवतात. फाईल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

निखिल, टोरांटो (शुक्रवार रात्र)

पोहोचले. शेजारच्या काकांच्या मुलाने गाडी काढली. घरी बीपी १०२/६० होतं, बाबांचं एरवी १४० च्या पुढे असतं. हॉस्पिटलमध्ये ९४ वर आलं. रक्त आणि लघवी कल्चरला घेतली आणि लगेच सलाईन व मेरोपेनेम हे शिरेतून द्यायचं जोरदार अँटिबायोटिक चालू केलं. सोनोग्राफीत मूत्राशयात सुमारे सहाशे मिली लघवी अडकलेली दिसली, म्हणून नळी घातली. किडनीचा क्रिएटिनिन थोडा वाढलाय. आयसीयूत ठेवलंय, पण बोलतायत. मेटफॉर्मिन सध्या बंद केलीय.

माधवीताई, ताप तर उतरला होता ना? मग बीपी का पडलं?

सुनंदा, बर्मिंगहॅम

अरे देवा! निखिल, आमच्या नात्यात असंच झालं होतं. सुई टोचली की गाठ पसरते म्हणतात, त्यानेच ताप आला असेल का? म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, बायोप्सी करूच नये.

डॉ. माधवी, लेस्टर (शनिवार)

सुनंदाताई, हा ताप गाठ पसरल्याचा नाही, आणि या भीतीने कोणी बायोप्सी टाळू नये. हा जंतूंचा ताप आहे. सुई आतड्याच्या शेवटच्या भागातून प्रोस्टेटमध्ये जाते, तीही बारा वेळा. तिथे ई-कोलाय कायम वस्तीला असतो. दर वेळी सुईबरोबर थोडे जंतू आत जातात. प्रोस्टेटमध्ये रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे तिथून रक्तात जायला त्यांना वेळ लागत नाही. साध्या मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनमध्ये जळजळ आधी आणि ताप पुष्कळ नंतर असा क्रम असतो, इथे हुडहुडी आणि जळजळ बरोबरच येऊ शकतात. बहुतेकांना असं काही होत नाही. ज्यांना होतं त्यांना बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतं, कधी आठवड्यानेही.

निखिल, पॅरासिटामॉलने थर्मामीटरवरचा आकडा खाली येतो, रक्तातले जंतू तसेच राहतात. बाबांना ताप कमी म्हणून बरं वाटलं, पण आतून रक्तवाहिन्या सैल पडत होत्या. १०२ हा आकडा एखाद्या बारीक तरुण मुलीला नेहमीचा असेल, एरवी १४० असणाऱ्या माणसाला तो मोठी घसरण सांगतो. म्हातारपणी आणि डायबेटिसमध्ये तर कधी ताप येतच नाही. माणूस नुसता गळून जातो, असंबद्ध बोलतो, श्वास जलद होतो.

विश्वासराव, तुमची शंभराची कणकण खरीच गेली आणि तुम्ही बरे झालात. पण थंडी वाजून येणारा १०१ चा ताप वेगळा. पहिल्या एक-दोन दिवसांतली थोडी जळजळ, लघवीत थोडं रक्त, वीर्यात काही आठवडे लालसर रंग, हे घरी बघता येतं. थांबलेली जळजळ पुन्हा सुरू होणं, १००.४ च्या वरचा ताप किंवा लघवी अडकणं, यातलं काहीही झालं की त्याच दिवशी दाखवायचं. तुमचा ताप आणि निखिलच्या बाबांचा ताप पहिल्या दोन तासांत घरी बसून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून मी कोणालाच थांबायला सांगत नाही.

मकरंद, कल्चर औषधाआधी घ्यायचं हे तुमचं अगदी बरोबर, आणि काल तसंच घेतलं. रिपोर्टची वाट पाहायची हे मात्र नाही. नमुना घेतला की पुढच्या तासाभरात शिरेतून औषध जायला हवं, नेमकं औषध नंतर ठरवता येतं. सिप्रो वाढवण्याचा उपयोग नाही, कारण सिप्रो पोटात असतानाच हा जंतू वाढला, म्हणजे बहुधा तो तिला दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात काम करतं, प्रोस्टेटमध्ये आणि रक्तात पुरेसं पोहोचत नाही. जळजळ थोडी कमी होईल आणि आपण निर्धास्त होऊ, हा त्याचा धोका.

मकरंद, मेलबर्न

माधवीताई, मान्य. तरी एक सांगतो. प्रत्येक तापाला मेरोपेनेम दिलं तर उद्या तेही चालणार नाही. आपल्याकडे आधीच हेच झालंय.

डॉ. माधवी, लेस्टर

तुमची काळजी मलाही आहे. म्हणून तर कल्चर. रिपोर्टमध्ये साधं औषध चालत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेरोपेनेम थांबवून त्यावर यायचं, आणि ते न करणारे डॉक्टर मीही पाहिलेत. पण बीपी ९४ असलेल्या माणसासमोर पहिल्या रात्री हा वाद मी घालणार नाही.

निखिल, टोरांटो (सोमवार)

बाबांचा ताप काल दुपारपासून नाही. बीपी १३० च्या आसपास, क्रिएटिनिन उतरतोय, आयसीयूतून खोलीत आणलंय. रक्त आणि लघवी दोन्हींत ई-कोलाय निघाला. सिप्रो आणि सेफट्रायॅक्सोन दोन्हींना रेझिस्टंट, मेरोपेनेम आणि अमिकासिन चालतं. रिपोर्टवर ईएसबीएल लिहिलंय, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू.

आणि एक गोष्ट कळली. होळीनंतर बाबांना जुलाब झाले होते, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिनचा कोर्स आणून घेतला होता. बायोप्सीच्या आधी कोणी विचारलं नाही, आणि बाबांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. याचा संबंध असेल का?

डॉ. माधवी, लेस्टर

दाट शक्यता आहे. ऑफ्लॉक्सासिन आणि सिप्रो एकाच घरातल्या. ती घेतल्यावर आतड्यात त्यांना न जुमानणारे जंतूच मागे राहतात आणि काही महिने टिकतात. मग बायोप्सीच्या वेळी त्याच जातीची गोळी संरक्षण म्हणून दिली तर ती कोणाला अडवणार? हे आधी कळलं असतं तर दुसरं औषध निवडता आलं असतं, किंवा गुदद्वाराचा स्वॅब घेऊन कोणतं चालेल ते बघता आलं असतं. दोष कोणाचा, हे मी लेस्टरमध्ये बसून सांगणार नाही.

आता औषध नक्की किती दिवस, ते तिथले डॉक्टर ठरवतील. प्रोस्टेटपर्यंत गेलेलं इन्फेक्शन दोन ते चार आठवडे मागतं. ताप नाही म्हणून बाबा पाचव्या दिवशी गोळ्या सोडतील, ती त्यांची पिढीच तशी, तेवढं आईला सांग. ताप पुन्हा आला तर प्रोस्टेटमध्ये पू झालाय का हे स्कॅन करून बघावं लागेल. नळी काढल्यावर लघवी सुटते का, हे घरी जाण्यापूर्वीच पाहून घ्या. पीएसए मात्र दोन महिने तपासू नका. इन्फेक्शनने तो इतका चढतो की आकडा बघून घर हादरेल आणि त्यातून कळणार काहीच नाही.

शरद, वडोदरा

मंडळी, मुलाच्या मेलवरून लिहितोय. माझीच बायोप्सी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. हे सगळं वाचून बायको म्हणतेय, रद्द करा. माधवीबेन, दुसऱ्या मार्गाने करतात असं ऐकलंय, ते खरं का? वडोदऱ्यात होतं का?

डॉ. माधवी, लेस्टर

शरदभाई, रद्द करू नका, वहिनींना माझा निरोप द्या. दुसरा मार्ग आहे. अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालतात. ती आतड्यातून जात नाही, म्हणून रक्तात जंतू जाण्याचं प्रमाण खूपच कमी होतं. युरोपातल्या युरोलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांतही आता त्यालाच पसंती आहे. सगळीकडे ती सोय नसते आणि खर्चही वाढू शकतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा.

ती सोय नसेल आणि नेहमीच्याच मार्गाने करायचं ठरलं, तर गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या, मेडिकलमधून आणलेल्या सुद्धा. लघवीची तपासणी आधी करून घ्या. सुई घालण्यापूर्वी आतड्याची जागा पोव्हिडोन-आयोडीनने साफ करणार का, तेही विचारा, त्याने इन्फेक्शन कमी होतं. आणि निघताना असा नंबर मागून घ्या जो शुक्रवारी रात्री अकरा वाजता उचलला जातो. समोरच लावून बघा, कोण उचलतंय ते.