मदत हवी आहे: संस्थेच्या ऑडिटसाठी कागद लावायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

रानवाट: पुढच्या सोमवारी ऑडिटर येतायत. वर्षभराची बिलं तारखेवार पिशव्यांत आहेत, बजेटची एक्सेल शीट वेगळी. कसं लावू? लवकर सांगा.

सहकारमित्र: पाच हजारांच्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप आहे ना? आमच्या सोसायटीच्या ऑडिटरने तेवढंच धरलं होतं.

जमाखर्च: ऑडिट कोणाचं? संस्थेच्या सीएचं की देणगीदाराने पाठवलेल्याचं? एकाच प्रकल्पाचं की सगळ्याचं?

रानवाट: हो, ते राहिलं. कंपनीचा सीएसआर निधी आहे, त्यांचेच सीए येणार.

पाटीपेन्सिल: मग प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर नको.

जमाखर्च: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खर्चाला आहे. संस्थेला करारात लिहिलंय तेवढं. रानवाट, आधी करार काढा. मग बिलं तारखेवार नाही, बजेटच्या हेडप्रमाणे लावा. प्रत्येक व्हाउचरला नंबर, तोच नंबर लेजरमध्ये. व्हाउचरमागे मंजुरी, बिल, काम झाल्याचा पुरावा आणि बँकेतली नोंद. हेच बिल दुसऱ्या देणगीदाराला दाखवलं नाही हे कळावं म्हणून प्रत्येकावर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का मारा.

क्लाउडवाला: एवढं कशाला? सगळं स्कॅन करून ड्राइव्हवर टाका, लिंक द्या.

जमाखर्च: स्कॅन ठेवाच, पण ते मूळ बिल मागतात. पेट्रोलपंपाच्या पावत्यांची आजच झेरॉक्स काढा, तो कागद वर्षात पांढरा पडतो.

रानवाट: एक अडचण आहे. प्रशिक्षणात जेवणाचं बिल 50 ताटांचं, हजेरीपटावर सह्या 38.

पाटीपेन्सिल: बारा सह्या घेऊन टाका, कोण बघतंय.

जमाखर्च: अजिबात नको. एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या सह्या लगेच ओळखू येतात आणि मग बाकीच्या 38 वरही कोणी विश्वास ठेवत नाही. कार्यकर्ते, वक्ते, स्वयंपाकी किती जेवले ते आठवून टिपण लिहा. त्यावर आजचीच तारीख टाका आणि व्हाउचरला जोडा. तरी काही ताटं उरली तर तेवढी रक्कम संस्थेने सोसायची. प्रवासाच्या हेडला किती मंजूर होते आणि किती गेले?

रानवाट: 80,000 होते, 96,000 झाले. प्रशिक्षणातले उरलेले तिकडे वळवले.

जमाखर्च: म्हणजे 20 टक्के जास्त. दहा टक्क्यांपर्यंत हेड बदलायची मुभा बऱ्याच करारांत असते, तुमच्यात आहे का बघा. त्यापुढे देणगीदाराची लेखी संमती लागते. फोनवर बोलणं झालं असेल तर आजच ईमेल करून उत्तर मागा.

रानवाट: फोनवर कंपनीच्या मॅडम 'चालेल' म्हणाल्या होत्या. त्या मॅडम आता तिथे नाहीत.

सहकारमित्र: आमच्याकडेही सेक्रेटरी बदलले की हेच होतं.

जमाखर्च: मॅडमच्या जागी जे आलेत त्यांना लिहा. मान्य करतील की दहा टक्क्यांच्या वरचे 8,000 परत मागतील, ते सांगता येत नाही. ऑडिटरने विचारायच्या आधी फरकाचा तक्ता तुम्हीच समोर ठेवा.

रानवाट: आणि कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या दुचाकीचं पेट्रोल? त्याची बिलंच नाहीत.

घाटवाट: आम्ही किलोमीटरवर देतो. कुठून कुठे, कशासाठी आणि सही असलेली वही. आमच्याकडे चाललं, तुमचे सीए मानतील का माहीत नाही.