शब्दचर्चा: रिलेचं ‘आयुष्य’ नेमकं कोणतं? आणि ‘शमन’ की ‘दमन’?

भाषांतरकार: मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरच्या रिले आउटपुट मॉड्यूलची माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. काँटॅक्टच्या आयुष्याचे दोन आकडे आहेत: मेकॅनिकल २ कोटी वेळा, इलेक्ट्रिकल १ लाख वेळा. दोन्हींना ‘आयुष्य’च लिहू? आणि कॉइल बंद करताना येणारा व्होल्टेजचा झटका आवरणाऱ्या सप्रेशनला ‘दमन’ चालेल, की ‘शमन’ लिहू?

पॅनेलवाला: एकच शब्द वापरलात तर वाचणारा मोठा आकडा धरून बसेल. २ कोटी म्हणजे काहीही लोड न जोडता रिले नुसता टकटक करत राहिला, तर त्याची यंत्रणा किती टिकेल ते. १ लाख हा लोड तोडतानाचा आकडा, आणि तोही बहुधा हीटरसारख्या साध्या लोडचा. कॉइलसारखा लोड तोडताना आर्क जास्त वेळ टिकतो, म्हणून काँटॅक्ट त्याहून लवकर जळतात. ‘यांत्रिक आयुष्य’ आणि ‘लोडवरचं आयुष्य’ असं लिहा.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह दर २ सेकंदांनी एकदा चालत असेल, तर दिवसाचे ४३,२०० वेळा. १ लाख तिसऱ्याच दिवशी संपतात.

जुना वायरमन: कॉइलवर डायोड टाका, रिले वर्षानुवर्षं चालतो. मी कायम तेच करतो.

पॅनेलवाला: काका, डायोडने आर्क बराच कमी होतो, हे खरंच. पण ठिणगी अजिबात पडली नाही असं धरलं, तरी २ कोटी भागिले ४३,२०० म्हणजे साधारण ४६३ दिवस. एवढ्या वेगाला ट्रान्झिस्टर आउटपुटच हवं. शिवाय डायोड फक्त डीसीला. एसी कॉइलवर टाकलात तर अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट होईल. तिथे आरसी स्नबर किंवा व्हॅरिस्टर.

विद्यार्थिनी: मग ट्रान्झिस्टर मॉड्यूलचं काँटॅक्ट-आयुष्य किती लिहितात?

पॅनेलवाला: त्यात काँटॅक्टच नाहीत, त्यामुळे तो आकडाच नसतो. ते वेळा मोजून झिजत नाही. पण २४ व्होल्टची कॉइल सप्रेशनशिवाय तोडली तर शेकडो व्होल्टचा झटका येऊ शकतो, आणि संरक्षण नसेल तर एका झटक्यातही आउटपुट जातं. डायोड उलटा लागला, तर चालू करताक्षणी शॉर्ट.

मेंटेनन्स: आमच्याकडे डायोड लावल्यावर व्हॉल्व्ह उशिरा सुटायला लागला. पार्ट अर्धवट पकडीत राहायचा. डायोड काढला तर आउटपुट जाईल ही भीती.

पॅनेलवाला: डायोडमुळे करंट कॉइलमध्येच फिरत राहतो आणि हळूहळू विरतो. डायोडच्या जोडीला सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर उलट्या दिशेने घाला, करंट लवकर मरेल. मात्र मग आउटपुटवर ४८ व्होल्टहून थोडं जास्त येतं, ते त्याला झेपतं का हे आधी पाहा.

भाषांतरकार: म्हणजे ऊर्जा दाबून टाकत नाहीत, तिला वाट देऊन विरू देतात. मग ‘शमन’च बरोबर.

जुना वायरमन: पुस्तिकेत काहीही लिहा, स्टोअरमध्ये माणूस ‘सप्रेसर’च मागणार. ‘शमन’ वाचून तो काय आणेल?