उत्तर: शूलेस पद्धतीत क्षेत्रफळ कमी का येतंय?

> बिंदू (०,०), (६,०), (३,७), (८,५), (०,४). सूत्राने १६.५ येतं, आलेख कागदावर चौकोन मोजले तर ४१ च्या आसपास. चूक कुठे?

सूत्र ठीक आहे, बिंदूंचा क्रम चुकलाय. शूलेसला कडेकडेने चालत जावं तसेच शिरोबिंदू लागतात. तुमच्या यादीत (३,७) आणि (८,५) यांची अदलाबदल झाली आहे, त्यामुळे (६,०)–(३,७) ही बाजू (८,५)–(०,४) या बाजूला छेदते. आकृतीचे दोन भाग पडतात, एक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, दुसरा सुलट. सूत्र चिन्हासकट बेरीज करतं, म्हणून वरचा भाग खालच्यातून वजा होतो.

योग्य क्रम: (०,०), (६,०), (८,५), (३,७), (०,४), आणि शेवटी परत (०,०). ही शेवटची जोडी बरेच जण विसरतात. इथे तिचं पद शून्य आहे, पण नेहमी तसं नसतं. प्रत्येक जोडीसाठी x₁y₂ − x₂y₁ काढा:

```
0·0 − 6·0        = 0
6·5 − 8·0        = 30
8·7 − 3·5        = 41
3·4 − 0·7        = 12
0·0 − 0·4        = 0
```

बेरीज ८३, निम्मे ४१.५.

एखादं पद ऋण आलं म्हणून लगेच चूक समजू नका. आत वळलेला कोपरा असेल किंवा आरंभबिंदू आकृतीबाहेर असेल तर तसं होऊ शकतं. एकूण बेरीज ऋण आली तर तुम्ही घड्याळाच्या दिशेने फिरलात एवढंच, चिन्ह सोडून द्या. क्रमाची चूक मात्र आकड्यांत दिसत नाही, त्यासाठी बिंदू जोडून कच्ची आकृती काढाच. बाजू एकमेकींना छेदताना दिसल्या की क्रम बदला.