स्कोअर 14 म्हणून थांबायचं का? लिव्हर ट्रान्सप्लांटच्या तपासणीबद्दल सल्ला हवा

अनुराधा_क
माझ्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी सिरोसिस असल्याचं कळलं. वय 52. दारू कधीच नव्हती, मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून झालं असं सांगितलंय. पाच महिन्यांपासून पोटात पाणी होतंय. लघवीच्या गोळ्या दिल्या की सोडियम घसरतं, म्हणून त्या बंद केल्या. आता दर दोन-तीन आठवड्यांनी सुईने पाणी काढून घ्यावं लागतं.

ताजे रिपोर्ट: बिलिरुबिन 2.1, रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आयएनआर 1.5, क्रिएटिनिन 0.7, सोडियम 128, अल्ब्युमिन 2.6. डॉक्टर म्हणाले, लिव्हरचा आजार किती गंभीर आहे हे सांगणारा मेल्ड स्कोअर 14 आहे, 20 च्या पुढे गेला की ट्रान्सप्लांटचं बघू. दादाला हे ऐकून हायसं वाटलं. मला नाही वाटत, कारण त्याचे हात-पाय काडीसारखे झालेत. आत्ताच ट्रान्सप्लांट सेंटरला पाठवा असा आग्रह धरावा का? आणि तिथे नेमकं काय काय तपासतात?

सुहास_म
डॉक्टर बरोबर सांगताहेत. मेल्ड 15 च्या खाली असताना ऑपरेशनचाच धोका आजारापेक्षा जास्त ठरतो, असं मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. 14 म्हणजे अजून वेळ आहे. उगाच घाबरून जाऊ नका.

केदार७
ताई, तुम्ही स्वतः द्यायचं ठरवलंय का? मी वडिलांना दिलं. माझ्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली, म्हणून आधी नऊ किलो वजन उतरवावं लागलं आणि मगच मला पास केलं. आजपासून चालायला लागा.

अनुराधा_क
केदारदादा, धन्यवाद, पण तिथवर अजून आलोच नाही. आधी त्याला पाठवायचं की नाही, तिथेच अडलंय.

मीनाक्षी_समन्वयक
मी ट्रान्सप्लांट युनिटमध्ये समन्वयक आहे, अकरा वर्षं झाली. सुहास म्हणतात तो 15 चा आकडा खरा आहे, पण तो ऑपरेशन कधी करावं याचा आहे. तपासणीला कधी पाठवावं, हा वेगळा प्रश्न. पोटात पाणी, रक्ताची उलटी, गुंगी-भ्रम, पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग, यातलं काहीही पहिल्यांदा झालं की ट्रान्सप्लांटवाल्यांचं मत घ्यावं, मग स्कोअर काहीही असो. आणि गोळ्या चालेनाशा झाल्या की ट्रान्सप्लांटशिवाय साधारण निम्मे रुग्ण वर्ष काढत नाहीत. हे कडू आहे, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आता दादांच्या आकड्यांकडे बघू. मेल्डमध्ये बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन एवढंच धरतात. पोटातलं पाणी त्यात कुठेच नाही. त्या तिघांवरून 13.8 येतात, म्हणजे 14. तुमच्या डॉक्टरांचं गणित चुकलेलं नाही. पण त्यात सोडियम 128 घातलं की तोच स्कोअर 22 होतो. पाणी साठत असताना सोडियम घसरणं हे आजार पुढे गेल्याचं लक्षण आहे, म्हणूनच हा दुसरा हिशेब आला.

क्रिएटिनिनचीही एक मेख आहे. ते स्नायूंमधून येतं. हात-पाय वाळले की किडनीवर ताण असूनही आकडा सुरेख दिसतो. शिवाय सूत्रात 1 च्या खालचं सगळं 1 धरतात. तेव्हा 0.7 बघून किडनी ठणठणीत आहे असं समजू नका.

जुनी चाइल्ड-प्यू पद्धत लावा, तिच्यात पाणी आणि अल्ब्युमिन दोन्ही मोजतात. बिलिरुबिनचे 2, अल्ब्युमिनचे 3, आयएनआरचा 1, पाण्याचे 3, आणि गुंगी नसेल तर तिचा 1. एकूण 10, म्हणजे सी गट, सगळ्यात गंभीर. तोच माणूस, तेच रिपोर्ट.

सुहास_म
सोडियमचा हिशेब मला माहीत नव्हता. पण मग पुढच्या वेळी सोडियम 132 आलं तर स्कोअर परत खाली येईल ना? कुठला खरा मानायचा?

मीनाक्षी_समन्वयक
येईल, 18 वर. ट्रान्सप्लांटच्या प्रतीक्षा यादीत ताजा आकडाच धरतात. पण एका रिपोर्टवर कुणी निर्णय घेत नाही, तीन-चार महिन्यांचे आकडे ओळीने लावून बघतात. अनुराधाताई, तसा तक्ता करून न्या. गेल्या तीन वेळा किती लिटर पाणी काढलं तेही लिहा. आणि दादा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आवर्जून सांगा. त्या गोळीने आयएनआर वाढतो आणि स्कोअर उगाच फुगतो.

राजश्री_पा
मला लवकर पाठवण्याबद्दलच लिहायचंय. आईला आम्ही मेल्ड 27 झाल्यावर नेलं. तपासणीत इकोमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त दिसला. मग मानेतून नळी घालून प्रत्यक्ष मोजला, सरासरी 42 निघाला. ते म्हणाले, 35 च्या खाली आणल्याशिवाय टेबलावर घेता येणार नाही, औषधाला काही महिने लागतील. आईकडे तेवढे महिने उरले नव्हते. 14 वर नेलं असतं तर औषधाला वेळ मिळाला असता, हे अजून मनातून जात नाही.

मीनाक्षी_समन्वयक
राजश्रीताई, तुम्ही लिहिलंत, बरं झालं. तपासणीचा गाभाच हा आहे. लिव्हर खराब आहे हे आधीच माहीत असतं. बाकीचं शरीर ऑपरेशन आणि नंतरची औषधं झेपवेल का, आणि आड येणारं काही दुरुस्त करता येईल का, हे शोधतात.

साधारण असं चालतं. रक्तगट दोनदा, हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही, क्षयाची चाचणी. पोटाचा तीन टप्प्यांचा सीटी, त्यात गाठ आहे का आणि पोर्टल व्हेनमध्ये गुठळी आहे का बघतात. हृदयाचा इको, आणि वय व मधुमेहामुळे दादांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या नक्की तपासतील. फुप्फुसं, दात, मोठ्या आतड्याची दुर्बीण. लसी राहिल्या असतील तर आधी देतात, कारण नंतर प्रतिकारशक्ती दाबायची असते.

मग आहारतज्ज्ञ हाताची पकड मोजतात आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला लावतात. लोकांना हा पोरखेळ वाटतो. पण वाळलेला माणूस ऑपरेशननंतर उभा राहील का, याचा अंदाज त्यातूनही येतो. दादांनी रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायचंच. सिरोसिसमध्ये रात्रभराचा उपाससुद्धा स्नायू खातो. प्रथिनं तोडू नका. मानसोपचारतज्ज्ञ आणि सोशल वर्कर घरच्यांनाही भेटतात, तेव्हा सोबत कोण राहणार हे आधी ठरवा. शेवटी सगळे डॉक्टर एकत्र बसतात. उत्तर ‘आत्ता यादीत’, ‘हे दुरुस्त करून या’, ‘अजून लवकर आहे’ किंवा ‘शक्य नाही’, यातलं काहीही येऊ शकतं.

केदार७
पाणी काढण्याऐवजी लिव्हरमध्ये स्टेंट घालतात ना, टिप्स? वडिलांना विचारलं होतं.

मीनाक्षी_समन्वयक
घालतात, काहींना पाण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. पण त्यानंतर गुंगी वाढू शकते आणि हृदय चांगलं लागतं. बिलिरुबिन 3 च्या वर गेलं की बहुतेक नको म्हणतात. दादा 2.1 वर आहेत, तेव्हा दार बंद नाही. इथून मी हो किंवा नाही म्हणणार नाही, तपासणीतच विचारा.

अनुराधा_क
आज डॉक्टरांना भेटले. 22 चा हिशेब आणि चाइल्ड-प्यूचे 10 दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि चिठ्ठी लिहून दिली, पुढच्या गुरुवारची. दादा अजून म्हणतोय, 14 च आहे ना. त्याला दोन दाढा काढायच्या आहेत आणि आयएनआर 1.5. सेंटरला जायच्या आधी काढाव्यात की तिथेच?

सुहास_म
माझ्या मते तिथेच, रक्त थांबलं नाही तर सोय असते.

राजश्री_पा
आईच्या आधीच काढल्या होत्या, काही झालं नाही. पण तेव्हा तिच्या प्लेटलेट्स चांगल्या होत्या. दादांच्या किती आहेत?